वाळू नको, गर्दी नको, पण समुद्र हवा

पत्र

ताई, नमस्कार. मला वाळू सहन होत नाही. पायाला लागली, कपड्यांत गेली की जीव नकोसा होतो. माझी दहा वर्षांची मुलगी अगदी तशीच आहे. यजमानांना गर्दीचा तिटकारा, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना फार चालवत नाही. समुद्र मात्र आम्हा सगळ्यांना मनापासून आवडतो. दोनदा नावाजलेल्या किनाऱ्यांवर जाऊन आलो. घोडागाड्या, स्कूटर, भोंगे आणि वाळू यांतच सुट्टी संपली. डिसेंबरमध्ये चार दिवस मिळतील. खडकाळ किनारा, शांत पाणी, एखादं सरोवरासारखं खारं पाणी असं काही आपल्याकडे आहे का? की लक्षद्वीपलाच जावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार,

लक्षद्वीपचं आधी सांगते. तिथलं निळं, स्थिर पाणी खरोखर सुंदर आहे, पण त्याचा काठ म्हणजे प्रवाळाची पीठासारखी बारीक पांढरी वाळू. शिवाय आधी परवाना काढावा लागतो. तुमच्यासाठी तो खर्च आणि खटाटोप नको.

तुम्हाला हवं ते राजापूर तालुक्यात आहे. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी असा किनाऱ्याने रस्ता येतो आणि पुढे कशेळी, आडिवरे, नाटे, आंबोळगड ही गावं लागतात. माझं माहेर याच भागातलं, म्हणून जरा अधिकाराने लिहिते आहे.

कोकणचा किनारा म्हणजे सलग वाळू, असं पर्यटकाला वाटतं, कारण त्याची गाडी पुळणीपाशी, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यापाशीच थांबते. प्रत्यक्षात एक पुळण संपते तिथे डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली असते. तिच्या पायथ्याशी कातळ, घळी आणि आमच्याकडे ज्यांना खडपं म्हणतात ते खडक असतात. सोंडेपलीकडे बहुतेक वेळा खाडी किंवा दुसरी पुळण. घोडागाडी, स्कूटर आणि भज्यांची गाडी या सगळ्यांना सपाट वाळू लागते, म्हणून खडपांवर गर्दी होत नाही. तुमच्या दोन्ही अडचणींचं उत्तर एकच आहे. अट इतकीच, की खडकाळ किनाऱ्याला वेळापत्रक असतं. पुळणीवर केव्हाही जाता येतं, खडपांवर फक्त ओहोटीला. म्हणून हॉटेल शोधण्याआधी तिथी बघा.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा. किनाऱ्यावरचे लोक एक सोपा हिशोब करतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता भरेल ते कळतं. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट म्हणजे सव्वादोन. शुक्ल असो वा वद्य, आकडा तोच धरायचा. हा हिशोब मुंबईच्या पाण्याला जास्त जुळतो. भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे राजापूरकडे ती तासभर आधी धरावी. म्हणजे तृतीयेला सव्वाच्या सुमारास भरती, आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी सातच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पुढे रोज पाऊण तास उशीर. चतुर्थीला पावणेआठ, पंचमीला साडेआठ, षष्ठीला सव्वानऊ.

तुम्हाला हेच चार दिवस का सुचवते आहे ते यावरून लक्षात येईल. उन्हं चढायच्या आत खडपं उघडी पडतात आणि दुपारी खाडी भरलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर पुढे दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे तृतीयेला पाणी चांगलं दूरवर हटतं. षष्ठीपर्यंत तो जोर कमी होत जातो. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यांत कमी असतो. तेव्हा ओहोटी दुपारी उन्हात येते आणि पाणी फारसं मागेही जात नाही.

डिसेंबरच्या आसपास मार्गशीर्ष असतो. चंपाषष्ठीला संपणारे चार दिवस घ्या, किंवा दत्तजयंतीनंतर वद्य तृतीया ते षष्ठी. दोन्हींपैकी जे नाताळच्या आठवड्यात येत नाहीत आणि शनिवार-रविवार टाळतात ते निवडा. निघण्यापूर्वी त्या तारखांची रत्नागिरीची भरती-ओहोटीची वेळ फोनवर एकदा ताडून बघा, आणि पोहोचल्यावर गावात कुणालाही विचारा. पाऊणपटीचा हिशोब तारखा ठरवायला पुरतो. खडपात उतरण्याची वेळ मात्र त्या दिवसाच्या कोष्टकावरूनच ठरवायची.

आता मुक्काम. आडिवरे, कशेळी किंवा नाटे-आंबोळगड या पट्ट्यात घरगुती निवास बघा. फोन करताना एकूण खोल्या किती आणि मोठ्या आवाजात गाणी लावू देतात का, हे दोन प्रश्न विचारा. चार-पाच खोल्या असलेल्या आणि दुसऱ्या प्रश्नाला चटकन नाही म्हणणाऱ्या घरात तुमचे यजमान खूश राहतील. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं. मासे हवे असतील तर साखरी नाट्याचं बंदर जवळच आहे. रोख पैसे आणि पेट्रोल यांची सोय रत्नागिरीत किंवा राजापुरातच करून घ्या.

पहिली सकाळ, तृतीयेची, आंबोळगडच्या खडपांसाठी ठेवा. उजाडताच निघा आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या आधी पोहोचा, म्हणजे पाणी अजून मागे सरकत असेल. पोहोचल्याबरोबर खाली उतरायचं नाही. उंचावर पंधरा मिनिटं बसून नुसतं पाणी बघायचं. लाटा सारख्या नसतात. पाच-दहा लहान लाटांनंतर एखादी बरीच वर येते, आणि ती कुठपर्यंत पोहोचली हे ओल्या, काळ्या झालेल्या कातळावरून दिसतं. त्या ओलीच्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. उतरल्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

चालताना कुठे पाय द्यावा याचीही खूण आहे. पांढरट, खरखरीत, बारीक शंकूंसारखे कण चिकटलेला खडक पायाला धरतो. गुळगुळीत, हिरवा किंवा काळा तुकतुकीत खडक म्हणजे शेवाळ. तिथे पट्टीचा माणूसही पडतो. तेच पांढरे कण तुमच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचं काही सांगतात: ते जिथपर्यंत दिसतात, तिथपर्यंत भरतीचं पाणी येतं. बसायला शोधलेल्या जागेवर, डोक्याच्या उंचीच्या कड्यावरही ते दिसले, तर सहा तासांनी ती जागा पाण्याखाली असेल.

पायात मागे पट्टा असलेले, रबरी तळव्याचे बंद सँडल हवेत. कोळी वापरतात तसले साधे प्लास्टिकचे चालतील. अंगठ्याच्या चपला नकोत, घळीत अडकून निसटतात. अनवाणी तर मुळीच नको. कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि ती जखम खोल नसली तरी चिघळते. कापलंच तर पिण्याच्या पाण्याने नीट धुवायचं, शिंपल्याचा तुकडा आत राहिला नाही हे बघायचं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायचं.

ओहोटीला खडपांमध्ये पाणी साचून लहान-मोठी कुंडं तयार होतात. तुमच्या मुलीची सुट्टी इथे आहे. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, फुलासारखी उघडमीट करणारी समुद्रफुलं, खडकाच्या रंगाचे चिमुकले मासे दिसतील. दिसायला वेळ लागतो. कुंडाच्या काठावर सावली न पाडता पाच मिनिटं गप्प बसलं, की जे आधी रिकामं वाटत होतं ते हलायला लागतं. दगड उलटून पाहिला तर तो हलक्या हाताने पुन्हा तसाच ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या ओलाव्यावर कुणीतरी जगत असतं. एक नियम कडक ठेवा: जिवंत शंख हातात घ्यायचा नाही. शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शंखातली गोगलगाय विषारी काटा मारते, आणि तोच शंख मुलांना सगळ्यांत जास्त उचलावासा वाटतो.

पाण्यात बसायचं असेल तर कंबरभर खोलीपर्यंतचं कुंड निवडा. त्याचा तळ स्पष्ट दिसला पाहिजे, आणि समुद्र व कुंड यांच्यामध्ये कोरड्या खडकाची भिंत असली पाहिजे, जिच्यावरून त्या पंधरा मिनिटांत एकही लाट आत आलेली नाही. अशा कुंडात गार, नितळ पाण्यात बसून समोर लाटा फुटताना बघता येतात आणि अंगाला वाळूचा कण लागत नाही. खडपावरून थेट समुद्रात मात्र पोहायला उतरू नका, पट्टीचं पोहता येत असलं तरी. लाट माणसाला आत ओढते त्यापेक्षा खडकावर आपटते जास्त, आणि परत वर चढायला हाताला काही सापडत नाही.

परतीची वेळ उतरण्याआधी ठरवायची: पूर्ण ओहोटीनंतर फार तर एक तास. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बाराव्या हिश्श्याने चढतं, म्हणून वाटतं, अजून बराच अवकाश आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येऊन जाते. माणसं अडकतात ती याच फसवणुकीने. सोंडेला वळसा घालून पलीकडच्या घळीत जातात, तिथे रमतात, आणि मागे वळतात तेव्हा येतानाच्या वाटेवर गुडघ्याच्या वर पाणी असतं. लहान मूल बरोबर असताना सोंडेला वळसा घालून जाऊच नका. इकडच्या बाजूला बघायला पुष्कळ आहे. अडकलात, तर पाण्यातून धावत परतण्यापेक्षा पांढऱ्या कणांच्या पट्ट्याच्या वर चढून बसा आणि फोन करा. सोंडेखाली फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कुठे जातो आहोत हे घरमालकांना सांगून निघायचं.

सासूबाईंना खडपात नेऊ नका. त्यांची सकाळ गावातल्या एखाद्या देवळात छान जाईल. कशेळीचं कनकादित्याचं मंदिर आहे, आडिवऱ्याची महाकाली आहे. दोन्ही जुनी आणि प्रशस्त.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून देवघळी बघा. कशेळीच्या सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला उभं राहिलं की खाली दोन कड्यांमध्ये शिरलेला समुद्र दिसतो. कनकादित्याची मूर्ती इथल्याच एका गुहेत मिळाली, अशी गावात कथा सांगतात. ही जागा वरून बघायची आहे. खाली उतरायची गरज नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसालाही ती तितकीच मिळते. सूर्यास्ताला इथे हल्ली माणसं जमतात, म्हणून सकाळी जा. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पाण्याचा तळापर्यंतचा रंग दिसतो. सड्याच्या कडेचा जांभा ठिसूळ असतो. कडेपासून दोन पावलं मागेच थांबा.

दुपारचा मोकळा वेळ कशेळीच्या कातळशिल्पांना द्या. सड्यावर कोरलेला तिथला हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. रेषा उथळ असल्याने भर दुपारी त्या कातळात विरून जातात. साडेचारनंतर ऊन तिरकं झालं की प्रत्येक रेषेला सावली येते आणि हत्ती एकदम उभा राहतो. कोरलेल्या भागावर पाय देऊ नका.

तुम्ही विचारलेलं सरोवरासारखं खारं पाणी म्हणजे आपल्याकडची खाडी. नाट्याच्या यशवंतगडाजवळून जैतापूरची खाडी आत शिरते. बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत पाणी शांत असतं. मात्र ओहोटीला खाडीचा काठ म्हणजे चिखल असतो, घोट्याच्या वरपर्यंत पाय रुतणारा. वाळूपेक्षा तो तुम्हाला जास्त छळेल. त्यामुळे खाडीत जायचं ते भरतीला आणि होडीतून.

म्हणून होडीसाठी शेवटचा दिवस, षष्ठीचा, राखून ठेवायला सांगते. त्या दिवशी भरती साडेतीनच्या सुमारास भरते. तीनला धक्क्यावर पोहोचा. पाणी वर आलेलं असल्याने होडीची कड धक्क्याला जवळजवळ लागून असते आणि सासूबाईंना एक पाऊल टाकून आत जाता येतं. हाच प्रवास सकाळी ओहोटीला केलात तर त्यांना शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागतील, आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. परत येताना उशीर झाला तर पाणी उतरू लागतं, म्हणून तास-सव्वा तासात परत या, फार लांब जाऊ नका. होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि चौघांना पुरतील एवढी जीवरक्षक जाकिटं आहेत का, हे प्रत्यक्ष बघूनच ठरवा. मुलीच्या मापाचं जाकीट नसेल तर दुसरी होडी शोधा.

मोठ्यांना आत पोहावंसं वाटलं तर भरती पूर्ण भरून पाणी थांबतं त्या अर्ध्या तासातच, मुखापासून बरंच आत, होडी शेजारी ठेवून उतरा. पाण्यावर तरंगणारं पान किंवा काडी जागच्या जागी असेल तर पाणी थांबलेलं आहे. ती समुद्राकडे निघाली की वर या. उतरत्या पाण्याची खाडीच्या मुखाशी असणारी ओढ कुठल्याही पोहणाऱ्याला जुमानत नाही.

दुपारनंतर किनाऱ्यावर वारा वाढतो, हे डिसेंबरमध्ये रोजचंच आहे. सासूबाईंना शाल आणि कानाला स्कार्फ लागेल. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचा इशारा देते. रत्नागिरी जिल्ह्यासाठी तसा इशारा असेल त्या दिवशी खडपं सोडून द्या आणि देवघळी वरून बघा. खिडकीच्या काचेवर तुषार येतात तसा समुद्र त्या दिवशी कड्यावर येतो, तेही बघण्यासारखं असतं.

आणि यजमानांच्या रजेमुळे तारखा सरकून अष्टमी-नवमीच्या आसपास गेल्याच, तर क्रम बदला. तेव्हा ओहोटी अकरा-बाराच्या सुमारास येते आणि भरती सकाळी व संध्याकाळी पाचच्या आसपास असते. होडीची फेरी संध्याकाळी चारला ठेवा आणि मुलीला खडपात न्यायचं तर टोपी घालून दहा-साडेदहाला, तासाभरासाठी. कुंडं कमी दिसतील. त्यापेक्षा रजा चार दिवस मागे-पुढे होत असेल तर तीच आधी सरकवून बघा.